दुबईच्या कंपनीचा रावेरातला माणूस: स्थायी आस्थापना कधी होते आणि कर कधी लागतो

रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात सीझनला गाडी थांबवून कोणत्याही पॅकहाऊसमध्ये शिरलात, तर फण्या धुणाऱ्या टाक्यांपाशी हातात वही घेतलेला एक तरुण दिसतो. तो शेतकऱ्याचा नसतो, एक्सपोर्टरचाही नसतो. तो "पार्टीचा" माणूस असतो, म्हणजे आखातातल्या खरेदीदाराचा. कॅलिबर, म्हणजे फळाची जाडी, बघायचा, डाग बघायचे, खोक्यांचे वजन तपासायचे, रीफर, म्हणजे थंड कंटेनर भरताना उभे राहायचे आणि फोटो दुबईला पाठवायचे, हे त्याचे काम.

माझा पुतण्या असाच माणूस आहे. दुबईच्या एका फळ कंपनीने त्याला महिना पन्नास हजारांवर ठेवले. दीड वर्ष सगळे सुरळीत होते. मग एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "काका, आमचे दुबईचे अकाउंटंट विचारताहेत, तुझ्यामुळे आपली इंडियात पीई होते का? पीई म्हणजे काय?"

हा लेख त्या प्रश्नातून आला. मी जळगावात कर सल्ल्याचे काम करतो. परदेशी कंपनीसाठी इथे काम करणाऱ्या, किंवा अशा कंपनीशी नव्याने व्यवहार करणाऱ्या माणसाला स्वतः तपासता येईल अशा क्रमाने लिहितो. उदाहरण केळीचे आहे, कारण आपल्याकडे तेच जास्त भेटते.

आधी शब्द समजून घ्या

पीई म्हणजे स्थायी आस्थापना. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार असला, तर त्यात साधारण असे ठरलेले असते की एका देशाच्या कंपनीच्या धंद्याचा नफा दुसऱ्या देशाने करपात्र धरायचा नाही. पण तिची दुसऱ्या देशात स्थायी आस्थापना असेल, तर त्या आस्थापनेला चिकटलेल्या नफ्यापुरता कर लावायचा. सगळा नफा नाही, तेवढाच भाग. ही व्याख्या बहुतेक करारांत पाचव्या अनुच्छेदात आणि नफ्याची वाटणी सातव्यात असते. भारत आणि संयुक्त अरब अमिरातीचा करार 1993 पासून लागू आहे आणि त्याची रचना अशीच आहे.

करार बाजूला ठेवला तरी आपला आयकर कायदा स्वतंत्रपणे विचारतो, की या परदेशी कंपनीचा भारताशी "व्यावसायिक संबंध" आहे का? असेल, तर इथे घडलेल्या कामाइतके उत्पन्न भारतात करपात्र. म्हणून दोन्ही दारे तपासावी लागतात. कायदा आणि करार यांत कंपनीला जे फायद्याचे, ते ती घेऊ शकते. 1961 च्या कायद्यात हे कलम 90 मध्ये आहे. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि बरीच कलमे नव्या क्रमांकावर गेली. मी खाली जुने क्रमांक देतो, कारण उदाहरण 2025-26 या वर्षाचे आहे आणि जुन्या वर्षांच्या नोटिसा त्याच क्रमांकांनी येत राहणार आहेत.

पायरी पहिली: कंपनी खरोखर कुठली आहे?

कराराचा आसरा घ्यायचा तर कंपनी त्या देशाची रहिवासी असली पाहिजे. त्याचा पुरावा म्हणजे तिथल्या सरकारने दिलेले कर-रहिवासी प्रमाणपत्र, ज्याला सगळे टीआरसी म्हणतात. त्याच्या जोडीला इथे ऑनलाइन भरायचा फॉर्म 10एफ. ही दोन कागदपत्रे नसतील, तर कराराची चर्चा करण्यात अर्थ नाही.

प्रमाणपत्र असूनही एक गोष्ट माझ्या अनुभवात वारंवार अडते. "दुबईची कंपनी" म्हणतात, पण मालक आपलाच असतो. वर्षातले नऊ महिने जळगावात, आणि कोणता कंटेनर कोणत्या भावाने उचलायचा हे तो इथल्या घरून फोनवर ठरवतो. अशा वेळी प्रश्न पीईचा उरतच नाही, कंपनीच भारतातली रहिवासी ठरू शकते आणि मग तिचे जगभरचे उत्पन्न इथे येते. वर्षाची उलाढाल किंवा ढोबळ आवक 50 कोटींपर्यंत असलेल्या परदेशी कंपन्यांना खात्याने या नियमातून बाहेर ठेवले आहे. पण कराराच्या दृष्टीने कारभार कुठून चालतो हा प्रश्न त्यांनाही विचारला जाऊ शकतो. पुतण्याच्या कंपनीचे मालक तिथलेच होते आणि कारभारही तिथूनच चालत होता, त्यामुळे ही पायरी लगेच सुटली.

पायरी दुसरी: पदनाम विसरा, कामाची डायरी लिहा

बहुतेक जण इथे चुकतात. करारपत्रावर "क्वालिटी इन्स्पेक्टर" लिहिले आहे, म्हणून तो फक्त इन्स्पेक्टर, असे धरून चालतात. अधिकारी करारपत्र वाचतो, पण त्याहून जास्त ईमेल, व्हॉट्सॲप, व्हिजिटिंग कार्ड आणि त्या माणसाचा जबाब वाचतो. म्हणून मी पुतण्याला सांगितले, गेल्या पंधरा दिवसांत काय केलेस ते रोज तीन ओळींत लिहून आण. गोड करून लिहू नकोस.

त्याची वही अशी होती. सकाळी बऱ्हाणपूरचा आणि रावेरचा भाव दुबईला कळवला. दोन बागा पाहिल्या. पॅकहाऊसमध्ये माल तपासला, चाळीस खोकी नाकारली. एक्सपोर्टरशी भावावर घासाघीस केली, दुबईने फोनवर होकार दिला. कंटेनर भरला. इथपर्यंत ठीक. पुढच्या पानावर होते: "चिनावलच्या शेतकऱ्यांना स्कर्टिंग बॅगा दिल्या, 3 गठ्ठे. गोडाऊनमध्ये आता 40 शिल्लक. फैजपूरच्या दोन एक्सपोर्टरची ऑर्डर घेतली."

मी विचारले, "घडांवर चढवायच्या या बॅगा कुणाच्या?"

"कंपनीच्याच. साहेब तिकडून पाठवतात. ओळखीच्या एका फर्मच्या आयईसीवर, म्हणजे तिच्या आयात-निर्यात क्रमांकावर, उतरतात, पण माल कंपनीचाच. विकला की पैसे दुबईला जातात."

एका माणसाच्या एका वहीत दोन वेगळे धंदे निघाले. पहिला खरेदीचा, दुसरा विक्रीचा. कर या दोन्हींकडे अगदी वेगळ्या नजरेने बघतो.

खरेदीचा भाग आधी. कलम 9 मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की परदेशी माणसाचे भारतातले काम निव्वळ निर्यातीसाठी माल खरेदी करण्यापुरते मर्यादित असेल, तर त्यातून त्याला भारतात कोणतेही उत्पन्न झाले असे धरायचे नाही. मूळ इंग्रजी मजकुरात वजन आहे ते "मर्यादित" या शब्दावर. बहुतेक करारांतही निव्वळ खरेदीसाठी ठेवलेली जागा पीईमधून वगळलेली असते.

मग बागा बघणे, माल तपासणे, भाव कळवणे हे "खरेदी"त येते का? यावर मोठा वाद झाला होता. कोलंबिया स्पोर्ट्सवेअर या अमेरिकी कपडे कंपनीचे भारतात संपर्क कार्यालय होते. ते पुरवठादार शोधायचे, दर्जा तपासायचे, वेळापत्रक सांभाळायचे. 2011 मध्ये अग्रिम निर्णय प्राधिकरणाने सांगितले, हे खरेदीच्या पुढचे काम आहे, पीई आहे. 2015 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते फिरवले. न्यायालयाचा विचार साधा होता, की योग्य माल योग्य दर्जाचा मिळावा म्हणून जे करावे लागते, ते खरेदीचाच भाग आहे. केळीच्या भाषेत सांगायचे तर कॅलिबर न मोजता कुणी केळी विकत घेत नाही, म्हणून कॅलिबर मोजणे हा वेगळा धंदा होत नाही.

अलीकडे आणखी एक शंका आली होती. 2021-22 पासून "लक्षणीय आर्थिक उपस्थिती" नावाचा नियम लागू झाला. त्यात भारतातल्या लोकांशी वर्षात 2 कोटींच्या वर मालाचे व्यवहार झाले, तर इथे माणूस नसतानाही व्यावसायिक संबंध धरला जाऊ शकतो. केळीचे कंटेनर मोजले तर दोन कोटी चटकन ओलांडतात. 2025 च्या वित्त कायद्याने हा प्रश्न मिटवला. निर्यातीसाठी निव्वळ खरेदी असेल, तर ती या नियमात मोजायची नाही.

थोडक्यात पुतण्या फक्त केळीच बघत असता, तर लेख इथेच संपला असता.

पायरी तिसरी: जागा कुणाच्या हाताखाली आहे?

आता दुसरा धंदा. पीईचा सर्वांत जुना प्रकार म्हणजे ठरलेली जागा, जिथून कंपनीचा धंदा पूर्ण किंवा अंशतः चालतो. नवखा माणूस लगेच म्हणतो, "जागा कंपनीच्या नावावर नाही, भाडेकरारही नाही, मग पीई कशी?" मालकी आणि भाडेकरार यांचा इथे निर्णायक संबंध नाही. ती जागा कंपनीला वापरायला मिळते का, तिथे तिचाच धंदा चालतो का, आणि हे टिकून आहे का, हे बघतात.

दोन निकाल डोक्यात ठेवावेत. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फॉर्म्युला वनच्या प्रकरणात ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ही पीई ठरवली. शर्यत तीन दिवसांची, ट्रॅक दुसऱ्याच्या मालकीचा. पण त्या काळात ट्रॅकवर कोण येणार, काय दाखवणार, पैसा कसा येणार, हे परदेशी कंपनीच्या हातात होते. जुलै 2025 मध्ये हयातच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. दुबईतली कंपनी दिल्लीच्या हॉटेलला सल्ला आणि देखरेख देत होती, करार वीस वर्षांचा. हॉटेलात तिची स्वतःची अशी खोली नव्हती. तरी तिची माणसे येत राहिली, कारभारावर तिचा पगडा राहिला, आणि हॉटेलची जागाच तिची पीई ठरली. "आमच्या नावाची पाटी नाही" हा बचाव त्या दिवसापासून फारच पातळ झाला.

आपल्या प्रकरणात रावेरच्या बाहेर वीस बाय तीसचे एक गोडाऊन होते. भाडे महिना 10,000, पावती पुतण्याच्या नावावर, पैसे दुबईचे. किल्ली पुतण्याकडे. आत फक्त कंपनीच्या बॅगा. दीड वर्ष सलग. ही जागा कंपनीच्या हाताखाली नाही असे म्हणायला मला काही सापडेना.

निव्वळ साठवणुकीसाठी ठेवलेली जागा बरेच करार वगळतात, हे खरे. पण साठवून तिथूनच गिऱ्हाईकाला माल सोडायचा, ऑर्डर तिथेच घ्यायची, हे झाले की "निव्वळ" हा शब्द उरत नाही. माल गोडाऊनमधून दिला की बंदरावरून, ऑर्डर कुठे ठरली, याला किती महत्त्व, हे त्या त्या कराराच्या शब्दांवर अवलंबून असते. म्हणून मूळ करार उघडून वाचा. शिवाय भारताचे काही करार बहुपक्षीय कराराने 2020-21 या आर्थिक वर्षापासून बदलले आहेत. घरी पडलेली जुनी छापील प्रत वापरू नका, आयकर खात्याच्या संकेतस्थळावरचा एकत्रित मजकूर घ्या.

पायरी चौथी: माणूस दलाल आहे की हात?

जागा नसली तरी माणसामुळे पीई होऊ शकते. त्याला तीन प्रश्न विचारा.

तो कंपनीच्या वतीने सौदे पक्के करतो का, आणि ते नेहमीचे आहे का? 2018 च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्यात सही त्याची असलीच पाहिजे असे नाही. सौदा ठरण्यात मुख्य वाटा त्याचा असेल आणि दुबईचा होकार केवळ उपचार असेल, तरी पुरते. तो कंपनीच्या मालाचा साठा ठेवून त्यातून नियमित माल देतो का? आणि तो ऑर्डरी मिळवतो का, त्याही सगळ्या किंवा जवळपास सगळ्या याच एका कंपनीसाठी?

स्वतंत्र दलालाला हे लागू होत नाही. सावद्याचा अडत्या चार पार्ट्यांचे काम करतो, स्वतःची अडत घेतो, नुकसान स्वतः सोसतो. त्याच्यामुळे कुणाची पीई होत नाही. पण अडत्याची पावती फाडणारा माणूस प्रत्यक्षात एकाच कंपनीचे काम करत असेल आणि महिन्याला ठरलेले पैसे घेत असेल, तर तो कागदावरचा दलाल आणि प्रत्यक्षातला नोकर.

पुतण्याची उत्तरे: सौदे तो ठरवतो, कारण बॅगांचा दर त्याच्याकडे दिलेला आहे आणि तो "दोन रुपये कमी" स्वतःच करतो. साठा, होय. ऑर्डरी, फक्त याच कंपनीसाठी. तीनपैकी एक पुरे होते, इथे तिन्ही आले. "खरेदीच करतो" हा बचाव केळीला लागतो, बॅगांना नाही. आणि बॅगांचे काम सुरू झाल्यावर कंपनीचे भारतातले एकूण काम "खरेदीपुरते मर्यादित" राहिले का, असा प्रश्नही अधिकारी विचारू शकतो. माझ्या मते केळीची खरेदी वेगळी उभी राहते, फक्त हिशेब, पत्रव्यवहार आणि खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवलेले असायला हवेत. ते ठेवलेले नव्हते.

(मशिनरीच्या धंद्यात असाल, म्हणजे जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत जर्मनीहून इंजिनिअर येऊन प्लांट बसवत असतील, तर तिथे वेगळे मीटर चालते. मशीन उभारणीला जर्मनीच्या करारात सहा महिने, अमेरिकेच्या करारात 120 दिवस, अमिरातीच्या करारात नऊ महिने अशा मर्यादा आहेत. गेटवरच्या रजिस्टरमधले दिवस मोजावे लागतात. तो विषय मोठा आहे, इथे फक्त सूचना देऊन पुढे जातो.)

पायरी पाचवी: पीई झाली तर किती पैसा लागतो?

इथे लोक उगीच घाबरतात, किंवा उगीच निर्धास्त राहतात. आकडे मांडले की दोन्ही कमी होते.

2025-26 मध्ये बॅगांची विक्री 60 लाख. गोडाऊन ही जणू वेगळी दुकान आहे असे समजायचे, आणि तिने दुबईकडून त्या बॅगा काय भावाने घेतल्या असत्या ते शोधायचे. म्हणजे नात्यागोत्यात नसलेला, तिऱ्हाईत डीलर जो भाव देईल तो. आम्ही तसा भाव दुसऱ्या विक्रेत्यांच्या बिलांवरून काढला: 48 लाख. मग इथला खर्च. गोडाऊनचे भाडे 1,20,000. पुतण्याचा पगार वर्षाचा 6,00,000, पण त्याचा अर्धाच वेळ बॅगांवर जातो, म्हणून 3,00,000. टेम्पो, हमाली, किरकोळ 2,80,000. एकूण खर्च 7 लाख. नफा 60 वजा 48 वजा 7, म्हणजे 5 लाख.

परदेशी कंपनीला आयकराचा दर 2024-25 पासून 35 टक्के, आधी 40 होता. 5 लाखांवर 1,75,000. त्यावर 4 टक्के उपकर 7,000. एकूण 1,82,000. उत्पन्न एक कोटीच्या आत असल्यामुळे अधिभार नाही.

हा आकडा बघून पुतण्या म्हणाला, "एवढेच? मग भरून टाकू." भरायचे तर पॅन हवा, इथले वेगळे हिशेब हवेत, विवरणपत्र हवे. आणि 48 लाखांचा भाव कुठून आणला याचे कागद हवेत. हिशेबच नसेल तर आयकर नियमावलीतला नियम 10 अधिकाऱ्याला मोकळीक देतो, की उलाढालीच्या योग्य वाटेल त्या टक्क्याने, किंवा कंपनीच्या जगभरच्या नफ्याच्या प्रमाणात तो नफा ठरवू शकतो. 60 लाखांवर त्याने 20 टक्के धरले तर नफा 12 लाख आणि कर 4,36,800. वही नसण्याची किंमत म्हणजे वरचे अडीच लाख, शिवाय व्याज.

पायरी सहावी: पैसे पाठवणाऱ्याने काय करायचे?

नवखे लोक ही पायरी सहसा विसरतात, कारण त्यांना वाटते कर हा दुबईचा प्रश्न आहे. पण फैजपूरच्या ज्या एक्सपोर्टरने बॅगांचे पैसे दुबईला पाठवले, त्याच्यावर कलम 195 ची जबाबदारी येते. परदेशी कंपनीला करपात्र रक्कम देताना कर कापूनच द्यायचा. न कापल्यास तो कर त्याच्याकडून वसूल होऊ शकतो, व्याजासह.

किती कापायचा? पूर्ण 60 लाखांवर 35 टक्के आणि उपकर धरला तर 36.4 टक्के, म्हणजे 21,84,000. खरा कर आहे 1,82,000. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये जीई इंडिया टेक्नॉलॉजीच्या प्रकरणात सांगितले आहे, की रकमेत करपात्र काहीच नसेल तर कपात नाही. पण रकमेचा काही भाग करपात्र असेल आणि तो किती हे नक्की नसेल, तर स्वतःच्या अंदाजाने कमी कापणे धोक्याचे. रीतसर मार्ग म्हणजे खात्याकडे अर्ज करून योग्य दराचा दाखला आणणे. तो पैसे देणाराही मागू शकतो आणि परदेशी कंपनीही. हा दाखला पुढच्या पैशांसाठी असतो, गेलेल्या पैशांना मागून लागत नाही. म्हणून तो सीझन सुरू होण्याआधी.

बँकेत 15सीए आणि सनदी लेखापालाचे 15सीबी हे फॉर्म याच कामाचे आहेत. ते भरणाऱ्याला कंपनीची भारतात पीई आहे का, हे ठरवावेच लागते, आणि "नाही" असे कंपनीने लेखी दिल्याशिवाय मी तरी सही करत नाही. तेवढ्यावरही गोडाऊन डोळ्यांनी दिसत असेल तर मुळीच नाही.

आता पुतण्यासाठी सर्वांत महत्त्वाचे. कलम 163 नुसार परदेशी कंपनीने इथे नोकरीला ठेवलेला माणूस, किंवा तिच्याशी व्यावसायिक संबंध असलेला, किंवा ज्याच्यामार्फत तिला उत्पन्न मिळते असा माणूस, तिचा "प्रतिनिधी" ठरवला जाऊ शकतो. मग कंपनीचा कर त्याच्याकडे मागितला जाऊ शकतो. आधी म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, पण ती संधी म्हणजे सुटका नव्हे. कायद्याने त्याला एक हत्यार दिले आहे: कंपनीला द्यायच्या पैशांतून अंदाजे कराइतकी रक्कम तो रोखून ठेवू शकतो. पैसे हातात असतानाच त्याचा उपयोग. पुतण्याच्या हातून वर्षभर पैसे गेले होते आणि त्याच्याकडे एक रुपया शिल्लक नव्हता. त्याची आई तेवढे ऐकून देवघराकडे बघत बसली, आणि मला माझ्या वहिनीला हे समजावताना करारापेक्षा जास्त घाम आला.

मग आम्ही काय केले

2025-26 या वर्षाचा प्रश्न सरळ होता. कंपनीने पॅन काढला, गोडाऊनचे स्वतंत्र हिशेब लिहिले, वर दिलेल्या मांडणीने विवरणपत्र भरले. पॅनला आणि दुबईहून कागद यायला वेळ लागला, बाकी काही अडले नाही. आधीच्या सहा महिन्यांच्या विक्रीचाही हिशेब त्याच पद्धतीने काढून अद्ययावत विवरणपत्राने भरला. त्यात कर आणि व्याजाच्या बेरजेवर जादा टक्के मोजावे लागतात, आणि जितका उशीर तितके ते वाढतात.

पुढच्या सीझनसाठी रचना बदलली. ज्या ओळखीच्या फर्मच्या आयईसीवर बॅगा उतरत होत्या, तीच आता बॅगा दुबईकडून विकत घेते. मालकी बंदरावर येण्याआधीच तिची होते, पैसे 60 दिवसांत द्यायचे, माल विकला जावो न जावो. दर ती स्वतः ठरवते, गोडाऊनचे भाडे ती भरते, किल्ली तिच्याकडे. पुतण्याचा त्या गोडाऊनशी संबंध संपला.

हे लिहिताना मी फर्मच्या मालकाला तीन गोष्टी बजावल्या. न विकलेला माल परत घेण्याची अट घालायची नाही. "विकले की पैसे देतो" म्हणायचे नाही. दुबईला विचारून दर ठरवायचा नाही. यातली एकही गोष्ट जुन्या सवयीने परत आली, तर बिले खरेदीची आणि धंदा कन्साइनमेंटचाच, म्हणजे माल दुबईचा आणि फर्मकडे फक्त विकायला ठेवलेला, आणि अधिकाऱ्याला ते ओळखायला एक जबाब पुरतो. ते म्हणाले, "भाऊ, मग नुकसान झाले तर माझेच की." मी म्हणालो, होय, त्यासाठीच तर तुम्हाला मार्जिन मिळते.

फर्मची बॅगांची खरेदी वर्षात 2 कोटींच्या वर गेली, तर लक्षणीय आर्थिक उपस्थितीचा नियम पुन्हा दारात येतो, कारण ही विक्री आहे, खरेदीची सूट तिला नाही. तेव्हा दुबईची कंपनी कराराचा आधार घेईल. अमिरातीच्या करारात ती अट नाही, त्यामुळे पीई नसेल तर नफ्यावर कर नाही. पण त्यासाठी त्या वर्षाचे टीआरसी आणि 10एफ हातात हवेत. मागच्या वर्षाचे चालत नाही.

पुतण्या आता फक्त केळी बघतो. त्याच्या नेमणुकीच्या पत्रात "कंपनीच्या वतीने कोणताही विक्री सौदा करण्याचा किंवा दर मान्य करण्याचा अधिकार नाही" असे वाक्य घातले. त्याचे जुने व्हिजिटिंग कार्ड, ज्यावर "कंट्री मॅनेजर" छापले होते, ते मी मागून घेतले. दीडशे उरली होती. दर महिन्याच्या एक तारखेला तो कामाच्या डायरीची पाने मला पाठवतो, आणि मी त्यात "बॅगा" हा शब्द शोधतो.